ड्रम की डिस्क, तारांचं चाक की मॅगव्हील: कोटेशनच्या तीन ओळींत नेमका कशाचा फरक असतो

गेल्या महिन्यात माझा भाचा शोरूममधून कोटेशन घेऊन थेट गॅरेजवर आला. कागदावर एकाच गाडीच्या तीन ओळी होत्या. पहिली ड्रम ब्रेक आणि तारांची चाकं. दुसरी ड्रमच, पण मॅगव्हील. तिसरी पुढे डिस्क आणि मॅगव्हील. इंजिन तेच, टाकी तीच, सीट तीच. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत साडेचार हजारांचा फरक होता. त्याच्या बाबांचं, म्हणजे आमच्या दाजींचं म्हणणं, "ड्रमला काही होत नाही, आम्ही आयुष्यभर ड्रमवरच गाड्या चालवल्या." शोरूमवाल्याचं म्हणणं, "डिस्कच घ्या, आजकाल सगळे तीच घेतात." दोघांनीही पोराला कारण सांगितलं नव्हतं.

भाचा राहतो खेड शिवापूरला आणि कामाला येतो स्वारगेटला. रोज कात्रजचा घाट ओलांडायचा, आठवड्यातून दोनतीनदा मागे ताई बसलेली, आणि परतताना अंधार पडलेला असतो. त्याची ही रोजची वाट धरूनच सांगतो, कारण ब्रेक आणि चाक यांचं उत्तर गाडीच्या जाहिरातीत सापडत नाही, ते रस्त्यावर सापडतं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. शंभर ते सव्वाशे सीसीच्या रोजच्या वापराच्या गाड्यांत 'डिस्क मॉडेल' म्हटलं तरी डिस्क सहसा फक्त पुढच्या चाकाला असते. मागे तिन्ही ओळींत ड्रमच. म्हणजे ते साडेचार हजार एकट्या पुढच्या ब्रेकचे. आणि पुढचा ब्रेक हाच खरा ब्रेक. बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला की सगळे पुढे झुकतात, तसंच गाडीचं वजनही ब्रेक लावल्यावर पुढे झुकतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकाला रस्त्याची पकड कमी, त्यामुळे तिथे कितीही ताकद लावली तरी ते फक्त घसरतं. जोरात थांबताना सुमारे सत्तर टक्के काम पुढचा ब्रेक करतो. आपल्याकडे पुष्कळ लोक "पुढचा दाबला की पडतो" या भीतीनं फक्त पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात. तसंच चालवायचं असेल, तर डिस्कवर घातलेले पैसे फुकट गेले असं समजा.

आता ड्रम. चाकाच्या मधोमध जो डबा दिसतो, तो आतून पोकळ असतो. साधारण 130 मिलिमीटर व्यासाचा, लहान गाड्यांना 110 चाही असतो. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन ब्रेक शू असतात आणि त्यांच्या पाठीवर लायनर चिकटवलेला असतो. हातातला लिव्हर ओढला की वायर ताणली जाते, वायर ब्रेक प्लेटवरचा आर्म फिरवते, आर्मला जोडलेला कॅम आत आडवा होतो आणि दोन्ही शू फाकून ड्रमच्या आतल्या भिंतीवर घासतात.

यात एक गंमत आहे. दोन शूंपैकी एक असा बसवलेला असतो, की फिरणारा ड्रम त्याला स्वतःच ओढून भिंतीत आणखी घट्ट रुतवतो. उघडं दार वाऱ्यानं धरलं की आपण ढकलतो त्याहून जोरात आपटतं, तसं. दुसऱ्या शूला मात्र ड्रम मागे लोटत असतो. पहिल्या शूच्या या फुकटच्या मदतीमुळेच एवढ्याशा वायरीनं, दोन बोटांच्या ताकदीनं ड्रम ब्रेक व्यवस्थित लागतो. पण ही मदत पूर्णपणे लायनरच्या घर्षणावर उभी आहे. घर्षण थोडं कमी झालं की मदतही कमी होते, म्हणजे ब्रेक दुप्पट ढिला पडतो. ड्रमचा कमकुवतपणा इथे आहे.

डिस्कमध्ये वायर नाही. लिव्हरजवळच्या छोट्या डबीत, मास्टर सिलिंडरमध्ये, ब्रेक ऑइल असतं. लिव्हर दाबला की ते ऑइल नळीतून कॅलिपरमध्ये जातं आणि पिस्टनला ढकलतं. पिस्टन पॅडला ढकलतो आणि दोन पॅड फिरणारी डिस्क प्लेट दोन्हीकडून चिमटीत धरतात. इथे कोणी कोणाला ओढत नाही, रुतवत नाही. तुम्ही जेवढं दाबाल तेवढंच लागतं, दुप्पट दाबाल तर दुप्पट. पॅड झिजले की पिस्टन आपोआप तेवढा पुढे सरकून बसतो, त्यामुळे ड्रमसारखं दर महिन्या-दोन महिन्यांनी नट फिरवून ब्रेक टाईट करावा लागत नाही.

आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे डिस्क उघड्यावर आहे, ड्रम बंद डब्यात. हा फरक समजायला भाच्याला मी घाटातच नेलं. प्रत्यक्ष नव्हे, हिशोबात.

गाडीचं वजन साधारण 110 किलो. तो आणि ताई मिळून 130. पिशवी, हेल्मेट वगैरे धरून एकूण 250 किलो. समजा घाटात त्याची गाडी उंचीनं 200 मीटर खाली उतरली. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आलं आणि वेग मात्र वाढू द्यायचा नाही, तर मधली सगळी ताकद कुठेतरी उष्णता होऊन बाहेर पडली पाहिजे. ही उष्णता भरते जवळजवळ 490 किलोज्यूल. नळाचं दीड लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला साधारण एवढीच लागते. दुसऱ्या मापात सांगायचं तर हीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी 50 च्या वेगातून पूर्ण थांबवायची, आणि असं लागोपाठ वीस वेळा करायचं, मध्ये ब्रेकला थंड व्हायला वेळ न देता.

ही सगळी उष्णता ब्रेकवरच पडते असं नाही. वारा थोडी खातो आणि गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन बरीच खातं. पण पेट्रोल वाचतं म्हणून उतारावर न्यूट्रल करणारे, क्लच दाबून गाडी सोडणारे मी रोज पाहतो. त्यांनी इंजिनला सुट्टी दिली की ते दीड लिटर पाणी उकळवायचं काम जवळपास पूर्ण ब्रेकच्या माथी येतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार आपल्याला माहीत आहे. तिथे ट्रकचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात आपण वाचतो आणि न्यूट्रलमध्ये उतरू नका म्हणून ट्रकवाल्यांना बजावलं जातं. गाडी लहान असली तरी नियम तोच लागू होतो.

बंद ड्रममध्ये ही उष्णता अडकते. लायनर तापला की त्याचं घर्षण घटतं, आणि घर्षण घटलं की ती फुकटची ओढही घटते. शिवाय तापलेला ड्रम फुगतो, आणि फुगतो बाहेरच्या बाजूला, म्हणजे शूपासून लांब. केसाच्या जाडीएवढंच अंतर वाढतं, पण वायर आणि कॅमच्या हिशोबात ते लिव्हरला चांगलंच जाणवतं. डिस्क तापते तेव्हा तिला सगळीकडून वारा लागत असतो, आणि ती फुगते तीही जाडीनं, म्हणजे पॅडकडेच. म्हणून घाट उतरून आल्यावरही डिस्कचा लिव्हर जवळपास तसाच लागतो.

ड्रमनं हात टेकायला सुरुवात केली की कळतं. सकाळी लिव्हर जिथे लागत होता त्याच्यापेक्षा तो हँडलच्या जवळ येऊन लागतो. जोर जास्त लावावा लागतो आणि गाडी मात्र तेवढी आवळत नाही. जळका, करपल्यासारखा वास येतो. असं वाटलं की एकेक गिअर खाली आणून गाडी इंजिनवर धरायची, सुरक्षित जागा बघून थांबायचं आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवायची. वर पाणी ओतायचं नाही. तापल्या लोखंडावर अचानक पाणी पडलं तर ते वाकडं होऊ शकतं, तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर ब्रेक परत येतो, पण एकदा जोरात तापलेल्या लायनरवर काचेसारखी चकाकी धरते आणि मग तो पहिल्यासारखा चावत नाही. गॅरेजवर उघडून पॉलिश पेपरनं घासून बघतात, नाही जमलं तर शू बदलतात. ब्रेक शू काही महाग नसतो, त्यामुळे इथे चिकटपणा करू नका.

इतकं ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे मामा, ड्रमनं गाडी थांबतच नाही?"

तसं नाही. चांगल्या स्थितीतला ड्रम, कोरडा सपाट रस्ता आणि थंड ब्रेक असेल तर ड्रमही पुढचं चाक जवळपास घसरायच्या टोकापर्यंत आवळू शकतो. त्या टोकाच्या पुढे ब्रेक कोणताही असो, मर्यादा टायरची असते. ताशी 50 वर गाडी सेकंदाला सुमारे 14 मीटर जाते. समोर कोणी आडवं आलं की ते दिसून हात लिव्हरवर घट्ट होईपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे 14 मीटर तिथेच गेले. त्यानंतर दोन्ही ब्रेक नीट लागले तर आणखी 16 मीटर. एकूण 30. हे दोन्ही प्रकारांत होऊ शकतं. आता घाटात तापून पुढचा ड्रम ढिला पडलेला असेल आणि गाडीचा वेग आधीच्या दोन तृतीयांश दरानंच कमी होत असेल, तर 16 चे 24 मीटर होतात. वाढलेले 8 मीटर म्हणजे एकापुढे एक उभ्या केलेल्या चार मोटारसायकली. आणि फक्त पायाचा ब्रेक वापरणाऱ्याला तर थंड ब्रेकनंही 30 मीटरच्या आसपास लागतात, शिवाय आधीचे 14 वेगळेच.

म्हणून डिस्क पहिल्या वेळेला चमत्कार करते असं मी सांगत नाही. ती विसाव्या वेळेलाही पहिल्यासारखीच लागते, आणि किती लागतेय हे बोटांना कळतं. साडेचार हजार याचे आहेत.

पाण्याचं थोडं वेगळं आहे. साध्या पावसात ड्रम उलट झाकलेला असल्यामुळे कोरडा राहतो, आणि डिस्कवर पाण्याचा पातळ थर बसतो. पहिल्या क्षणाला डिस्क किंचित उशिरा चावते, मग पॅड पाणी पुसून काढतात. डिस्कला जी भोकं असतात ती याच कामालाही येतात. पण सिंहगड रस्त्यावर चाकाच्या मध्यापर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, तर ड्रममध्ये गेलेलं पाणी लवकर बाहेर येत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर शंभरेक मीटर हळू चालवत हलका ब्रेक धरून लायनर वाळवायचा असतो. हे न केल्यामुळे पुढच्याच सिग्नलला रिक्षावर जाऊन आदळलेल्या गाड्या माझ्याकडे आलेल्या आहेत.

डिस्कचे रडगाणेही सांगतो, कारण "मेंटेनन्स नाही" हे डिस्कच्या बाबतीत खरं नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा शिरलेलं ऑइल तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, त्यामुळे लिव्हर स्पंजासारखा लागतो. म्हणून गाडी कमी चालली असली तरी दोन वर्षांनी ऑइल बदलायचं आणि एअर काढून घ्यायची. डबीच्या झाकणावर डॉट 3 की डॉट 4 लिहिलेलं असतं, त्याच प्रतीचं ऑइल घालायचं. हे ऑइल रंग खातं, टाकीवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. दुसरं दुखणं कॅलिपरच्या पिनांचं. या पिनांवर कॅलिपर डावीकडे-उजवीकडे सरकतो. पावसाळ्यात त्यांच्यात चिखल जातो, ग्रीस धुऊन जातं आणि कॅलिपर जाम होतो. मग पॅड डिस्कला चिकटूनच राहतात. मधल्या स्टँडवर गाडी लावून पुढचं चाक उचलून हातानं फिरवा. हलकी घासण्याची कुजबुज चालते, पण चाक दीड फेरीतच अडत असेल किंवा थोडं चालवल्यावर डिस्क एकाएकी खूप तापत असेल, तर पिना काढून साफ करून घ्यायची वेळ झाली. पॅडवर मधोमध खाच असते. ती दिसेनाशी झाली की पॅड संपले. ते तसेच चालवले तर मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासते, किर्र असा आवाज येतो, आणि मग पॅडच्या ऐवजी अख्खी डिस्क प्लेट घ्यावी लागते, ती काही स्वस्त नसते.

ड्रमची झीज याहून सोपी कळते. ब्रेक प्लेटवर, आर्मच्या मुळाशी बाण असतो. ब्रेक पूर्ण ओढल्यावर तो बाण प्लेटवरच्या खुणेला भिडला की शू बदला. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा बाण कधी पाहिलेलाच नसतो.

एक गैरसमज इथेच काढतो. डिस्क म्हणजे एबीएस नव्हे. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत 125 सीसीच्या वर एबीएस आणि 125 सीसीपर्यंत किमान सीबीएस बंधनकारक झालं. सीबीएस म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडासा लागतो, एवढंच. ते ड्रमवालीलाही असतं, डिस्कवालीलाही. चाक जाम होऊन घसरायला लागलं तर सोडवायचं काम एबीएस करतं, सीबीएस करत नाही. त्यामुळे पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि धूळ मिसळून निसरडं झालेलं असताना डिस्क झटक्यात दाबली तर पुढचं चाक घसरून माणूस पडतो. "डिस्कवाल्या गाड्या पडतात" ही जी ओरड आहे ती इथून आली. उपाय हाताचा आहे. आधी हळू दाबायचा, गाडीचं वजन पुढे येऊ द्यायचं, मग जोर वाढवायचा. आणि वळणात नाही, वळणाच्या आधी.

आता चाकं. तारांच्या चाकात मधला हब, बाहेरची लोखंडी रिम आणि दोन्हींना बांधणाऱ्या, सहसा 36, तारा असतात. प्रत्येक तार निप्पलनं ताणलेली असते. खड्डा बसला की रिम, तारा, सगळं थोडं थोडं लवतं आणि धक्का वाटला जातो. मार जास्तच बसला तर रिमला पोचा पडतो, पण लोखंड वाकतं, तुटत नाही. तालुक्याच्या गावातला कारागीरसुद्धा ती ठोकून, तारा आवळून तासाभरात आउट, म्हणजे चाकाचं डुलणं, काढून देतो. याची किंमत म्हणजे लक्ष ठेवावं लागतं. तारा ढिल्या पडतात, निप्पल गंजतात, आणि एक तार ढिली पडली की तिच्या शेजारच्यांवर भार येऊन त्याही ढिल्या पडतात. एक पाना घ्या आणि तारांवर हलकेच वाजवत जा. ताणलेली तार टण्ण वाजते, ढिली ठक्क.

मॅगव्हील म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं ओतीव चाक. सगळं एकसंध. आउट जात नाही, गंजत नाही, पुसायला सोपं. पण त्याला जास्त पैसे द्यायचं माझ्या मते एकच मोठं कारण आहे, आणि ते दिसणं नव्हे. ते आहे ट्यूबलेस टायर. तारांच्या रिमला प्रत्येक निप्पलसाठी भोक असतं, 36 भोकांतून हवा जाणार, म्हणून आत ट्यूब लागतेच. ट्यूबमध्ये खिळा गेला की ती फाटते आणि हवा त्या भोकांतून भसकन निघून जाते. वेगात असताना हे मागच्या चाकाचं झालं तर गाडी शेपूट हलवल्यासारखी डुलते. ट्यूबलेसमध्ये खिळा टायरच्या रबरातच घट्ट बसून राहतो, हवा हळूहळू जाते, आणि माणूस बहुतेक वेळा हवा भरत भरत घरी किंवा पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचतो. पंक्चर काढायला चाकही खोलावं लागत नाही, बाहेरूनच चिकट दोरी खुपसून काम होतं. रात्री नऊनंतर बोगद्याच्या आसपास ताईला घेऊन गाडी ढकलण्यापेक्षा हे किती बरं, ते मी भाच्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. फक्त खात्री करून घ्या. मॅगव्हील आहे म्हणजे टायर ट्यूबलेसच असतो असं नाही. टायरच्या कडेवर छापलेलं असतं, वाचून बघा.

मॅगव्हीलचं वाईट रूप दिसतं ते खड्ड्यात. हवा कमी, मागे वजन, आणि कडा असलेल्या खड्ड्यात वेगानं चाक गेलं की रिमची कड वाकते किंवा तिला तडा जातो. कड वाकली की टायर तिथे नीट बसत नाही आणि ट्यूबलेसची हवा जायला लागते. पंक्चर नाही, व्हॉल्व्ह बरोबर आहे, तरी दर तीन-चार दिवसांनी हवा उतरते, तर रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. किंचित वाकलेली कड काही जण तापवून सरळ करून देतात. तडा गेला असेल तर मात्र मी वेल्डिंगला हात लावत नाही. ओतीव ॲल्युमिनियम वेल्डच्या शेजारी कमकुवत होतं आणि चाकावर पैज लावायची नसते. ते बदलायचंच. तारांच्या चाकाला जिथे तासाभराची ठोकपीट पुरते, तिथे मॅगव्हीलला नवीन चाकाचे पैसे पडतात. म्हणून मॅगव्हीलवाल्यानं आठवड्याला हवा तपासायला हवी, ती त्याची तारा आवळणं आहे.

याच तर्कानं मी गेल्या वर्षी पौडच्या बाजूच्या एका दूधवाल्या काकांना पहिल्या ओळीतली, म्हणजे ड्रम आणि तारांची गाडी घ्यायला सांगितलं होतं. त्यांची वाट वाड्या-वस्त्यांची, दगडांची, वेग तीसच्या वर क्वचित. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, कंपनीनं धरलेल्या वजनाच्या काठावर. खड्डे रोजचे आणि कारागीर गावातलाच. त्यांच्या रस्त्यात लांब उतार नाही, त्यामुळे ड्रम तापायचा प्रश्न नाही. पण मॅगव्हीलच्या कडा मात्र वर्षात दोनदा गेल्या असत्या. ते आजही मजेत दूध घालतात, आणि वाचलेल्या पैशांत त्यांनी जास्तीची एक ट्यूब आणि चांगला हवेचा पंप घेतला.

म्हणजे शेवटची ओळ ती चांगली आणि पहिली ती गरिबाची असं काही नाही. पुण्यात शहरातल्या शहरात, सपाट रस्त्यांवर, एकटं, चाळीसच्या आतबाहेर फिरणाऱ्याला मधली ओळ, ड्रम आणि मॅगव्हील, व्यवस्थित पुरते. पण रोज घाट, मागे माणूस, किंवा हायवेला पन्नास-साठचा वेग यांपैकी एकही असेल तर मी तिसऱ्या ओळीसाठी दोन महिने थांबायला सांगेन, पण दुसरी घेऊ देणार नाही.

"आत्ता ड्रमची घेतो, नंतर डिस्क बसवून घेईन," असं भाचा म्हणालाच. पुष्कळ जण म्हणतात. नंतर बसवायला कॅलिपर धरणारे कान असलेला शॉकअपचा पाय लागतो, डिस्क लागेल असा हब म्हणजे वेगळं पुढचं चाक लागतं, मास्टर सिलिंडर, नळी, कॅलिपर, आणि सीबीएसची जुळणी वेगळीच. नाना पेठेत हे सगळं सुटं मिळेल, पण बेरीज साडेचार हजारांच्या पुढे केव्हाच जाते, आणि कंपनीच्या ब्रेकमध्ये फेरफार केलेल्या गाडीला अपघातानंतर विम्यावरून वाद होऊ शकतो. चाकांचं तेवढं अवघड नाही, तारांऐवजी त्याच मॉडेलची मॅगव्हील नंतर बसतात. पुढचा ब्रेक मात्र शोरूममध्येच ठरतो.

दाजींना हे सगळं फोनवर सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "आम्ही घाट उतरताना दुसरा गिअर टाकायचो, ते कोणी शिकवलं नव्हतं, पण बरोबर होतं म्हणायचं." अगदी बरोबर होतं. डिस्क घेतली तरी दुसरा गिअर सुटणार नाही.

भाच्यानं तिसरी ओळ घेतली. गाडी आणली त्या दिवशी त्याला एवढंच बजावलं, की नवे पॅड डिस्कवर पूर्ण टेकायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर जातात आणि तोवर ब्रेक थोडा कमीच लागतो. त्या आठवड्यात हलक्या हातानं, वारंवार ब्रेक लावत चालवायची, करकचून दाबायची वेळ येईल इतकं पुढच्या गाडीच्या जवळ जायचं नाही, आणि ताईला मागे बसवून कात्रज उतरायचा नाही.